पाळी आली होती, पण ती पाळी नव्हती

नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या रूमच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. आम्ही तिघी राहायचो, तिघीही पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. त्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब, मेसचे खाडे आणि तिघींच्या पाळीच्या तारखा असं सगळं एकत्र असायचं. माझी खूण हिरव्या पेनची. 9 सप्टेंबरला मी शेवटची हिरवी फुली मारली आणि त्यानंतर हिरवं पेन नुसतंच दोरीला लोंबकळत राहिलं.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मला बरंच वाटलं. पहाटे पाचला ग्राउंडवर जायचं, तिथे बायकांसाठी धड बाथरूम नाही, त्यात पॅड बदलायची कटकट. अकॅडमीतली एक सीनियर ताई तर म्हणाली, "अगं, ट्रेनिंग जोरात असली की बंद होते. म्हणजे तू बरोबर मेहनत करून राहिली." मी ते कौतुक समजून खिशात घातलं.

जूनमध्ये तयारी सुरू केली तेव्हा माझं वजन 53 किलो होतं, उंची 161 सेंटिमीटर. म्हणजे जाड वगैरे अजिबात नव्हते. पण 800 मीटरला मला साडेतीन मिनिटं लागायची आणि सरांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "पाच किलो उतरव, मग बघ." मी पाच नाही, आठ किलो उतरवले. रेशीमबागेवर पहाटे जॉगिंग, मग 800 चे रिपीट, संध्याकाळी गोळाफेक आणि ड्रिल. सकाळचे तर्री-पोहे बंद, मेसमधला भात बंद, पोळ्या चाराच्या दोन. रात्री भूक लागली की काकडी. वर लेखीचा अभ्यास रात्री एकपर्यंत. हा माझा दुसरा अटेम्प्ट होता, घरी काटोलकडे कापसाचं त्या वर्षी काही खरं नव्हतं, आणि रूमचं भाडं दर महिन्याला बाबांना मागताना घशात आवंढा यायचा. झोप कशीबशी चार तास.

जानेवारीत वजन 45 झालं. 800 मीटर तीन मिनिटं चार सेकंदांवर आलं. आणि संक्रांतीला घरी गेले तेव्हा आईने माझी मनगटं बघून विचारलं, "काहून वं, मेसवाली खायला देऊन राहिली का नाही?" मग दुसरा प्रश्न तिने स्वयंपाकघरात, आवाज खाली करून विचारला. पाळी चार महिने नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जो झाला, तो मी विसरणार नाही. आईच्या डोक्यात एकच कारण येणार, ते तिच्या जागी कोणाच्याही आलं असतं. मीच मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली आणि तिच्या हातात एक रेघ ठेवली. तिला हायसं वाटलं, मग पुन्हा काळजी: मग काय झालं? आठ दिवस ओवा, तीळ, गूळ, कच्ची पपई असं सगळं पोटात गेलं. फरक शून्य.

शेवटी एका दवाखान्यात गेलो. तिथे सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की दोन्ही अंडाशयांत बारीक-बारीक गाठोळ्या आहेत. डॉक्टरांनी रिपोर्टवर पेन आपटून सांगितलं, "पीसीओडी आहे. आजकाल सगळ्या मुलींना असतं. गोड बंद, मैदा बंद, भात कमी, आणि व्यायाम सोडायचा नाही." मी 45 किलोची मुलगी, भात सहा महिन्यांपूर्वीच सोडलेली, दिवसाला दोन वेळा ग्राउंड मारणारी. मी मान डोलावली. माझं वजन त्या दिवशी कोणी केलं नाही, मी काय खाते ते कोणी विचारलं नाही. माझ्याच मनात आलं की मी अजून कडक व्हायला पाहिजे.

पाळी आणायच्या गोळ्या मिळाल्या, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या. दहा दिवस घ्यायच्या, बंद केल्यावर आठवडाभरात येईल म्हणाले. आठवडा गेला, दोन गेले. आली नाही. ही गोष्ट खरं तर मोठा इशारा होती, पण ते मला पुढे पाच महिन्यांनी कळलं. परत गेल्यावर गर्भनिरोधक गोळ्यांचं 21 चं पाकीट सुरू झालं, तीन महिन्यांसाठी. पहिलं पाकीट संपलं, तिसऱ्या दिवशी रक्तस्राव सुरू. आईने देवाजवळ साखर ठेवली. मी दारामागच्या कॅलेंडरवर हिरवी फुली मारली. मार्च, एप्रिल, मे, तीन फुल्या, एकदम सरळ रांगेत. आयुष्यात माझी पाळी इतकी वेळेवर कधीच आली नव्हती.

मेमध्ये गोळ्या थांबल्या. हिरवं पेन पुन्हा लोंबकळायला लागलं.

आणि त्याच महिन्यात डावी नडगी दुखायला लागली. पळून पाय दुखतात तसं नाही. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवलं की जीव जायचा, दोन इंच खाली-वर काहीच नाही. आधी पळताना दुखायचं, मग जिना उतरताना, मग रात्री अंथरुणातसुद्धा. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, म्हणून मी अजून दहा दिवस पट्टी बांधून पळले. हा माझा मूर्खपणा, तो कोणाच्या माथी मारत नाही. ग्राउंडची तारीख आली तेव्हा मी लंगडत होते, आणि त्या भरतीला मी उतरलेच नाही.

रामदासपेठेतल्या ज्या डॉक्टर मॅडमकडे मी जूनमध्ये गेले त्यांचं नाव एका रूममेटच्या मावशीने दिलं. मॅडमने आधी आईला बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "हे मी प्रत्येकीला विचारते, वाईट मानू नको. संबंध आलेत का?" आणि नाही म्हटल्यावरही लघवीची तपासणी केलीच. पाळी थांबली की सगळ्यात आधी गरोदरपण नाही ना ते बघायचं, समोर कोणी का असेना, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर त्यांनी जे विचारलं ते मला आधी कोणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षीचं वजन किती, आजचं किती? दिवसात किती वेळ पळतेस? काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय-काय खाल्लंस, घोट चहासकट सांग. थंडी जास्त वाजते का? पोट साफ होतं का? झोपेत जाग येते का? केस गळतात का? नागपूरच्या मे महिन्यात मी रात्री कूलर बंद करायला सांगायचे आणि दोघी रूममेट माझ्यावर ओरडायच्या, ते मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. डोकेदुखी, नजर कमी होणं, छातीतून दुधासारखं पाणी येणं हेही विचारलं; यातलं काही असतं तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडे आधी बघावं लागलं असतं. चेहऱ्यावर जाड केस, खूप पिंपल्स? नाही.

मग नाडी मोजली. मिनिटाला 46. मी जरा अभिमानाने म्हटलं की धावपटूंची कमीच असते. मॅडम म्हणाल्या, "धावपटूची कमी असते, आणि उपाशी माणसाचीही कमी असते. तू दोन्ही आहेस." लगेच ईसीजी काढला, झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं. ते ठीक निघालं म्हणून घरी सोडलं.

रक्त तपासायला मात्र थोडं थांबावं लागलं. गर्भनिरोधक गोळी चालू असताना किंवा नुकतीच थांबली असताना हॉर्मोनचे आकडे गोळीचे असतात, आपले नसतात. गोळ्या थांबून सहा आठवडे होऊ दिले. जुलैच्या सुरुवातीला रिपोर्ट आले. थायरॉइडची टीएसएच नॉर्मल, प्रोलॅक्टिन नॉर्मल. पिट्युटरीकडून अंडाशयाला जाणारे दोन हुकूम, एलएच 1.1 आणि एफएसएच 4.6. अंडाशयातून येणारं मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्राडिओल, 18. आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर फक्त 3 मिलिमीटर.

मॅडमनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवला आणि मला तिथे बसवून वाचायला शिकवलं. पीसीओडी म्हणायला तीन गोष्टींपैकी दोन लागतात: पाळी अनियमित, पुरुषी हॉर्मोन वाढल्याच्या खुणा, आणि सोनोग्राफीत भरपूर बारीक फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्या. माझ्यात पहिली आणि तिसरी होती, म्हणून कागदावर दोन जुळत होत्या. पण त्या नियमाची खालची ओळ अशी की बाकीची कारणं आधी वगळायची. ती ओळ राहून गेली होती. मेंदूकडून हुकूम येत नाही तेव्हाही अंडाशयात फॉलिकल बारीकच राहतात, कारण त्यातलं एक निवडून मोठं करणारा हुकूमच नसतो. वरून चित्र सारखंच दिसतं. फरक रक्तात कळतो. पीसीओडीत एलएच सहसा चांगलं असतं, कित्येकदा एफएसएचपेक्षा वर, आणि इस्ट्रोजेन तयार होत असतं. माझं एलएच तळाला होतं आणि इस्ट्राडिओल पाळी गेलेल्या बाईच्या आसपास. पण पाळी कायमची जाते, म्हणजे अंडाशयच थकतात, तेव्हा एफएसएच खूप वर चढतं. मेंदू ओरडत असतो आणि खाली कोणी ऐकत नसतं. माझं एफएसएच शांत होतं. म्हणजे अंडाशय ठीक, वरूनच हाक येत नव्हती.

त्या गोळ्यांचं कोडंही तेव्हा सुटलं. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ते पक्कं करतं, आणि प्रोजेस्टेरॉन काढून घेतलं की अस्तर गळून रक्तस्राव होतो. पहिल्या दहा दिवसांच्या गोळ्यांत फक्त प्रोजेस्टेरॉनचं काम होतं. माझ्याकडे अस्तरच नव्हतं, गळणार काय? गर्भनिरोधक पाकिटात इस्ट्रोजेनही असतं. त्याने अस्तर उसनं वाढलं, पाकीट संपलं तसं गळलं. मी ज्या तीन फुल्या मारल्या होत्या ती पाळी नव्हती, ती त्या पाकिटाची घडी होती. आतलं सगळं तसंच बंद, आणि वरून सगळं छान दिसतंय. मॅडम म्हणाल्या की नुसतं एवढंच असतं तरी चाललं असतं, पण त्या तीन महिन्यांत तू खाणं वाढवलं नाहीस, पळणं कमी केलं नाहीस, कारण तुला वाटलं बरं झालं. त्या वेळी माझ्या डोळ्यात पाणी आलं. पेशंटच्या खुर्चीत बसून रडायचं नाही असं मी घरून ठरवून आले होते.

या सगळ्याला नाव आहे 'फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया'. फंक्शनल म्हणजे कुठे गाठ नाही, काही तुटलेलं नाही, फक्त काम थांबवलेलं आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग एक हॉर्मोन सोडतो, पण नळासारखं धो-धो नाही. साधारण तास-दीड तासाने एक ठोका. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात तो ठेका तसाच राहिला तर पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते, अंडाशयात एक फॉलिकल मोठं होतं, इस्ट्रोजेन वाढतं, बीज बाहेर पडतं आणि मग दोन आठवड्यांनी पाळी. ठोके लांबले की ही सगळी साखळी खाली बसते. आणि ठोके लांबवायला शरीराला फार कारण लागत नाही. अंगावरची चरबी कमी झाली की तिच्यातून येणारं लेप्टिन कमी होतं, हा 'कोठार रिकामं आहे' असा निरोप. ताण आणि जागरण असेल तर कॉर्टिसॉल वर राहतं, तोही त्याच ठोक्यावर दाब देतो. मॅडमचं उदाहरण असं होतं: "घरात धान्य संपत आलं तर तू चूल बंद करशील का? नाही. आधी घरातलं लग्न पुढे ढकलशील. शरीरानेही तुझं लग्न पुढे ढकललं." आई तेव्हा आत आली होती. लग्नाचा शब्द ऐकून ती सावरून बसली.

मी विचारलं, माझ्याबरोबर वीस पोरी पळतात, त्यांची का नाही थांबली? उत्तर असं की पळण्याने थांबत नाही, पळण्याला पुरेल एवढं आत न गेल्याने थांबते. त्यातही प्रत्येकीची सीमा वेगळी असते. माझ्याकडे तीन गोष्टी एकदम आल्या, पळणं, उपाशी राहणं आणि झोपेशिवायचा ताण. एकेकटी आली असती तर कदाचित पचली असती. काहींची तर वजन फारसं न उतरताही नुसत्या मोठ्या ताणाने थांबते, घरात मृत्यू, परीक्षा, हॉस्टेलवरचा पहिला महिना, असं काही. वजनकाट्यावर सगळं ठीक म्हणजे हे कारण नाही, असं समजायचं नाही.

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला, आणि मला गणित आवडतं म्हणून असेल, पण मला पटलं ते इथे. माझं वजन 45, त्यातली चरबी साधारण 8 किलो धरली, उरलं 37 किलो. जानेवारीतल्या दिवसाचं माझं खाणं त्यांनी मोजलं ते 1300 कॅलरीच्या आसपास. त्यातल्या 450 ग्राउंडवर जळत होत्या. उरल्या 850. भागिले 37, म्हणजे दर किलोला 23. श्वास, हृदय, मेंदू, हाडं, पाळी, सगळा संसार या 23 मध्ये चालवायचा. जिथे सगळं नीट चालतं तो आकडा 45 च्या आसपास, आणि 30 च्या खाली गेलं की गडबड सुरू होऊ शकते. अमेरिकेत अ‍ॅन लाऊक्स यांनी पाळी नियमित असलेल्या 29 तरुणींना पाच-पाच दिवस मोजून खायला देऊन आणि व्यायाम करायला लावून बघितलं होतं. 30 च्या खाली गेल्यावर एलएचचे ठोके लांबायला लागले. पाच दिवसांत! पाळी पाच दिवसांत बंद होत नाही, पण वर हुकूम ढिला व्हायला तेवढे दिवस पुरतात. 30 ही काही लक्ष्मणरेषा नाही, कोणाची 33 ला बिघडते, कोणाची 27 लाही चालते. माझ्यासाठी मात्र 23 हा आकडा पुरेसा होता. मी सात महिने त्यावर जगत होते आणि त्याला शिस्त म्हणत होते.

हाडांची तपासणी, डेक्सा स्कॅन, तिथेच लिहून दिली, कारण इस्ट्रोजेन सहा महिन्यांहून जास्त काळ कमी राहिलं की हाडं झिजायला लागतात. कमरेच्या मणक्याचा झेड स्कोअर उणे 1.4 आला. उणे 2 किंवा त्याच्या खाली गेला तर वयाच्या मानाने हाडं कमी म्हणतात. पण पळणाऱ्या मुलीची हाडं सरासरीपेक्षा चांगली हवीत, म्हणून तिच्यात उणे 1 च्या खालीच सावध व्हायचं. नडगीचं एमआरआय केलं, त्यात हाडाला ताणाची इजा निघाली, अजून पूर्ण चीर नव्हती. व्हिटॅमिन डी 14. मे महिन्याच्या नागपुरात राहून व्हिटॅमिन डी कमी, यावर बाबा फोनवर दोन मिनिटं हसले.

आठ आठवडे पळणं बंद. हे ऐकताना पाळी थांबल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

खाणं एकदम वाढवायचं नव्हतं. आधी 300 कॅलरी, दोन आठवड्यांनी पुन्हा 200, असं करत 2000 च्या आसपास. ऐकायला सोपं आहे. माझ्यासाठी ते असं होतं: सकाळी उठल्या-उठल्या दूध आणि दोन केळी. मेसमध्ये भात परत, वरणावर तूप दोन चमचे, चमचे म्हणजे पोह्याचे नाही, जेवायचे. चार वाजता मूठभर शेंगदाणे आणि गूळ. रात्री झोपताना दही-पोहे. रविवारी तर्री-पोहे, चौकातल्या गाडीवरचे, मॅडमच्या परवानगीने. दोन जेवणांत चार तासांपेक्षा जास्त गॅप नको, कारण दिवसभर उपाशी राहून रात्री सगळी भरपाई केली तरी मधले भुकेचे तास शरीर मोजतंच. पहिले तीन आठवडे पोट फुगलेलं, पहिल्या दोन आठवड्यांत दोन किलो वाढले, ते बहुतेक पाणीच होतं. ग्राउंडवर बसून दुसऱ्यांच्या लॅप मोजताना मी हुडी घालून बसायचे, उकाड्यात. कोणी "तब्येत सुधारली बाप्पा" म्हटलं की रात्री भात नको वाटायचा. हा भाग मी एकटीने केला नाही. मॅडमनी एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं, आठवड्याला एकदा, दहा वेळा गेले. तिथे भातापेक्षा जास्त बोलणं पैशावर आणि बाबांच्या फोनवर झालं. झोप मात्र तिथून परत आली.

गोळी मॅडमनी एकही दिली नाही, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सोडलं तर. आईला हे पटेना. "पाळी यायची गोळी तरी द्या नं." मॅडम म्हणाल्या, "ताई, आली की खरी आली हे कळायला पाहिजे. गोळीने आणली तर तुम्हाला समाधान, तिच्या हाडांना काही नाही." गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनने अशा मुलींची हाडं भरत नाहीत, हे त्यांनी ठासून सांगितलं. सहा महिने ते वर्षभर नीट खाऊन-झोपूनही पाळी आली नाही तर त्वचेवर लावायचा इस्ट्रोजेनचा पॅच आणि मधूनमधून प्रोजेस्टेरॉन, असा दुसरा रस्ता आहे, पण तो नंतर. आणि एक सूचना माझ्यासाठी, मैत्रिणींना सांगायलाही: पाळी परत यायच्या दोन आठवडे आधी बीज बाहेर पडतं. पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं धरून चालणारी पहिली पाळी बघायच्या आधीच अडकू शकते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघाली तेव्हा वजन 48 होतं. ईडा-पिडा घेऊन जा गे मारबत, असं सगळे ओरडत होते, मी पण ओरडले, पाळीचं नाव न घेता. काही झालं नाही. सप्टेंबर तसाच गेला. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की पाळी ज्या वजनाला थांबली त्याच्यापेक्षा साधारण दोन किलो वर गेल्याशिवाय अनेकींची येत नाही, आणि वजन पोचलं म्हणजे दुसऱ्या दिवशी येते असंही नाही. माझी थांबली तेव्हा मी 47 ला होते. ऑक्टोबरमध्ये 49 झाले, नोव्हेंबरात 50. नडगी बरी झाल्यावर एक दिवसाआड वीस मिनिटं हळू पळणं सुरू केलं होतं, आणि पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत खायचंच, हा नियम.

आधी छोट्या गोष्टी बदलल्या. थंडीत पाय गरम राहायला लागले. नाडी 58. पहाटे साडेतीनला जी जाग यायची ती बंद झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट, ताणला जाणारा स्राव दिसला, वर्षभरात पहिल्यांदा. मला ते काय आहे माहीत होतं, कारण मॅडमनी सांगितलं होतं, तरी मी दोन दिवस कोणाला बोलले नाही. 21 डिसेंबरला, संत्र्याची साल काढत बसले होते तेव्हा, पोटात ओळखीची कळ आली. दुखलं, चांगलंच दुखलं. रूममेटने गरम पाण्याची पिशवी दिली आणि हिरवं पेन दोरीवरून काढून हातात ठेवलं.

पुढची 41 दिवसांनी आली, त्यानंतरची 34 दिवसांनी. आता 30 च्या आसपास येते. तीन महिने न येणं, किंवा दोन पाळ्यांत सारखं 45 दिवसांच्या वर अंतर पडणं, यापैकी काही झालं तर थांबायचं नाही, सरळ यायचं, असं मॅडमच्या फाईलवर लाल पेनने लिहिलेलं आहे.

50 किलोवर माझं 800 मीटरचं टायमिंग दोन मिनिटं 58 सेकंद आहे, म्हणजे 45 किलोवर होतं त्यापेक्षा सहा सेकंद कमी. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "गोळा पण लांब जाऊन राहिला तुझा." वजनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

गेल्या महिन्यात वर्ष झालं म्हणून डेक्सा पुन्हा केला. मणका उणे 1.2. मी तोंड पाडलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, हाड पाळीइतक्या लवकर भरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. नडगीवर बोट ठेवून मी अजूनही रोज बघते. दुखत नाही.